तिन्ही बेरजा बरोबर, श्रेणी मात्र वेगळी: वार्षिक गुणांच्या एका पत्राचं प्रकरण

वार्षिक निकालानंतर एका मुलीचे वडील तिच्या एका विषयाच्या गुणांबद्दल वर्गशिक्षिकांना भेटले. "मॅडम, माझ्या हिशेबाने हिला त्र्याहत्तर टक्के पडतात. ब श्रेणी यायला हवी होती. प्रगतिपुस्तकात ६९ आणि क कसं?" मुलीने स्वतः घरी वेगळाच आकडा काढला होता, ७६. शाळेचा ६९, वडिलांचा ७३, मुलीचा ७६. मी परीक्षा विभागाचं काम बघते, त्यामुळे तिन्ही हिशेब माझ्यासमोर आले. तिन्ही तपासले. एकातही बेरजेची चूक नव्हती.

मग घोळ कुठे होता? वर्षाच्या सुरुवातीला पालकांना गेलेल्या पत्रात. ते पत्र खोटं नव्हतं, नियमाला सोडूनही नव्हतं. पण ते वाचून कोणताही समजूतदार माणूस तीन वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकत होता, आणि प्रत्येकाला वाटलं असतं की आपण पत्रात लिहिल्याप्रमाणेच केलं. या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. म्हणून ते पत्र, तो हिशेब आणि नंतर लिहिलेलं नवं पत्र असं तिन्ही इथे मांडते.

पत्रात काय होतं

मूळ पत्रातला कळीचा मजकूर एवढाच होता: "वार्षिक श्रेणी ठरवताना दोन सत्र परीक्षा, प्रकल्प आणि वार्षिक परीक्षा यांचा अनुक्रमे ३०, २० आणि ५० टक्के विचार केला जाईल. उदाहरणार्थ, विद्यार्थ्याला दोन्ही सत्रांत ५० पैकी ४०, प्रकल्पात ५० पैकी ४० आणि वार्षिक परीक्षेत ८० पैकी ६४ गुण मिळाल्यास त्याचे वर्षाचे गुण ८० टक्के होतील." त्याखाली श्रेणींचा तक्ता होता. ८५ आणि पुढे अ, ७० ते ८४ ब, ५५ ते ६९ क, ४० ते ५४ ड.

वाचायला हे स्वच्छ वाटतं. उदाहरणही दिलंय. पण खरी अडचण त्या उदाहरणातच आहे. त्यातल्या विद्यार्थ्याला सगळीकडे ८० टक्केच मिळाले आहेत. चारही ठिकाणी टक्केवारी सारखी असली की हिशेब कसाही करा, उत्तर ८० च येणार. सगळे गुण सरळ मिळवले तर २३० पैकी १८४, म्हणजे ८० टक्के. चार टक्केवाऱ्यांची सरासरी काढली तरी ८०. नियमाप्रमाणे भारांश, म्हणजे प्रत्येक परीक्षेचं ठरलेलं वजन, लावला तर १२ अधिक १२ अधिक १६ अधिक ४०, पुन्हा ८०. म्हणजे चुकीच्या वाटेने जाणाऱ्या पालकाने उदाहरण ताडून पाहिलं, तर त्याला आपली वाट बरोबर असल्याचीच खात्री पटणार. आकडे सुटसुटीत असावेत म्हणून शिक्षक असं उदाहरण निवडतात, त्यामागचा हेतू चांगलाच असतो. पण नियम समजावणाऱ्या उदाहरणात आकडे असे हवेत की चुकीच्या रीतीने गेल्यावर उत्तर वेगळं यावं.

त्या मुलीचे वडील आणि ती मुलगी, दोघांनीही उदाहरण करून पाहिलं होतं. दोघांचंही ८० आलं होतं.

त्या मुलीचे गुण

पहिल्या सत्रात तिला ५० पैकी ४१ गुण होते, दुसऱ्या सत्रात ५० पैकी ३८. प्रकल्पात ५० पैकी ४६. वार्षिक परीक्षेचा पेपर ८० गुणांचा होता, त्यात ४३.

वडिलांनी सगळे गुण मिळवले: २३० पैकी १६८. शेकडा ७३. यात त्यांनी नकळत काय केलं ते पाहा. गुण नुसते मिळवले की प्रत्येक परीक्षेचं वजन तिच्या पेपरच्या एकूण गुणांवरून ठरतं. वार्षिक परीक्षा २३० पैकी ८० ची, म्हणजे तिचं वजन जेमतेम ३५ टक्के झालं. नियमात ते ५० आहे. उलट प्रत्येक सत्र परीक्षेला १५ ऐवजी जवळपास २२ टक्के मिळाले. मुलीचे सत्रांचे गुण चांगले होते आणि वार्षिक परीक्षेतले कमी, म्हणून बेरीज वर सरकली.

मुलीने प्रत्येक परीक्षेची टक्केवारी काढली: ८२, ७६, ९२ आणि ५३.७५. मग चौघांची सरासरी, ७५.९, म्हणजे ७६. या रीतीत चारही गोष्टींना २५ टक्के वजन मिळतं. तिच्या प्रकल्पाचे ९२ टक्के वार्षिक परीक्षेच्या बरोबरीने मोजले गेले, म्हणून तिचा आकडा सगळ्यात मोठा.

शाळेने नियमाप्रमाणे प्रत्येक गुणाचं भारांशात रूपांतर केलं. पहिल्या सत्राचे ५० चे १५ मध्ये: १२.३. दुसऱ्या सत्राचे तसेच: ११.४. प्रकल्पाचे ५० चे २० मध्ये: १८.४. वार्षिक परीक्षेचे ८० चे ५० मध्ये: २६.८७५. बेरीज ६८.९७५, पूर्णांकात ६९. क श्रेणी.

"३० टक्के विचार केला जाईल" या वाक्यातून ही रूपांतराची पायरी कळत नाही. पालकांना वजन किती ते सांगितलं होतं, पण ते वजन लावायचं कसं हे सांगितलं नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत "५० चे १५ करा" म्हटलं की सगळ्यांना कळतं, कारण आम्ही ते वर्षानुवर्षं करतो. पालकांनी मात्र त्यांच्या शाळेच्या दिवसांत बहुधा सगळे गुण मिळवून शेकडा काढलेला असतो, आणि तेच ते आजही करणार.

एका गुणाची किंमत

वडिलांना समजावताना मी टक्क्यांची भाषा बाजूला ठेवली आणि एकच गोष्ट सांगितली. सत्र परीक्षेतला एक गुण वर्षाच्या शंभरात ०.३ गुण देतो, प्रकल्पातला एक गुण ०.४, आणि वार्षिक परीक्षेतला एक गुण ०.६२५. वार्षिक परीक्षेत हातातून गेलेला एक गुण भरून काढायला सत्रात दोनाहून अधिक गुण लागतात. हे ऐकल्यावर त्यांनी स्वतःच वही ओढली आणि हिशेब करून ६८.९७५ काढले. मला पुढे काही सांगावंच लागलं नाही.

अनुभवाने सांगते, पालकांना हे कोष्टकापेक्षा लवकर पोचतं. घरात उत्तरपत्रिका येते तेव्हा तिच्यावर गुण असतात, टक्के नसतात. "हे दोन गुण गेले, त्याने किती फरक पडला?" असा प्रश्न घरात विचारला जातो. त्याचं उत्तर देणारा आकडा पत्रात हवा.

पण खरं नुकसान निकालाच्या दिवशी झालं नव्हतं. ते त्याआधीच झालं होतं. वार्षिक परीक्षेपूर्वी त्या घरात साहजिकच एक प्रश्न आला: ब श्रेणीसाठी आता किती गुण लागतील? वडिलांनी हिशेब केला, २३० चे ७० टक्के म्हणजे १६१, हातात १२५ आहेत, म्हणजे ८० पैकी ३६ पुरेत. मुलीच्या सरासरीच्या रीतीने तर २४ गुणांतच काम होत होतं. नियमाप्रमाणे उत्तर होतं ४४. हातात ४२.१ भारांश गुण होते, पूर्णांकात ७० व्हायला किमान ६९.५ हवेत, म्हणजे उरलेले २७.४ वार्षिक परीक्षेतून यायला हवेत. त्याला ०.६२५ ने भागलं की ४३.८४, म्हणजे पूर्ण ४४ गुण.

तिला ४३ पडले. एका गुणाने श्रेणी गेली, आणि परीक्षेच्या आधी घरातल्या कोणालाही आपण काठावर आहोत याची कल्पना नव्हती. दोघांनाही वाटत होतं की लागतात त्याहून बरेच जास्त गुण पडले. तिला गणित जमत नव्हतं असंही नाही, चांगलं जमत होतं. चुकीच्या लक्ष्यावर विसंबून तिने शेवटच्या आठवड्यांत या विषयाचा वेळ दुसऱ्या विषयाला दिला, असं ती म्हणाली. आकडे समोर असताना केलेला तो शहाणपणाचाच निर्णय होता, फक्त आकडे चुकीच्या रीतीने काढलेले होते. श्रेणीच्या पत्राकडे निकालाचं स्पष्टीकरण म्हणून बघितलं जातं, पण ते आधी उपयोगी पडलं तरच त्याला अर्थ आहे.

६८ की ६९

याच प्रगतिपुस्तकात आणखी एक गोष्ट सापडली, आणि ती वडिलांच्याच नजरेतून सुटली नाही. छापलेल्या रकान्यांत होतं: १२, ११, १८, २७ आणि एकूण ६९. ते म्हणाले, "याची तर बेरीज अडुसष्ट होते."

बेरीज अडुसष्टच होते. संगणकावरच्या निकालपत्रकात आकडे पूर्ण होते, १२.३, ११.४, १८.४, २६.८७५. फक्त रकाने दशांश न दाखवण्यावर लावलेले होते. प्रत्येक रकाना दिसताना पूर्णांकात दिसला, बेरीज मात्र आतल्या खऱ्या आकड्यांची झाली. निकाल बरोबर होता, पण कागदावर तो चुकीचा दिसत होता. आधीच साशंक असलेल्या पालकाच्या हातात असा कागद गेला की पुढचं कोणतंही स्पष्टीकरण पटत नाही.

आमच्या पत्रकातलं सूत्र हे होतं, आणि ते तसंच असायला हवं:

```
=ROUND(B2*15/50 + C2*15/50 + D2*20/50 + E2*50/80, 0)
```

यात पूर्णांक एकदाच होतो, अगदी शेवटी. काही शिक्षक हाताने निकाल लावताना प्रत्येक रूपांतर वेगळं पूर्णांकात घेतात आणि मग बेरीज करतात. त्याने काय होतं ते दुसऱ्या वर्गातल्या एका मुलाच्या गुणांवर करून पाहिलं. दोन्ही सत्रांत ३८, प्रकल्पात ३६, वार्षिक परीक्षेत ५३. पूर्ण आकड्यांनी ११.४, ११.४, १४.४ आणि ३३.१२५, बेरीज ७०.३२५, म्हणजे ७० आणि ब श्रेणी. आधीच पूर्णांक केले तर ११, ११, १४, ३३, बेरीज ६९, क श्रेणी. चार ठिकाणी थोडं थोडं खाली गेलं आणि एक श्रेणी बुडाली. उलटही होऊ शकतं, एखाद्याला फुकटची श्रेणी मिळू शकते. म्हणून पूर्णांक कुठे करणार हे पत्रात लिहायचं, आणि प्रगतिपुस्तकात रूपांतरित गुण दोन दशांशांपर्यंत छापायचे. आम्ही रकान्यांची मांडणी त्याच आठवड्यात बदलली.

प्रकल्पाचे २० टक्के

मुलीच्या मनात एक प्रश्न उरला होता, आणि तो मला सगळ्यात रास्त वाटला. "प्रकल्पाला वीस टक्के आहेत, मला शेचाळीस मिळाले. वर्गात फार थोड्यांना इतके आहेत. मग मला त्याचा फायदा का दिसत नाही?"

वर्गाचे प्रकल्पाचे गुण काढून पाहिले. सगळ्यात कमी ४२, सगळ्यात जास्त ४८. भारांशात १६.८ ते १९.२. म्हणजे वर्गातला सगळ्यात चांगला प्रकल्प आणि सगळ्यात सामान्य प्रकल्प यांच्यात वर्षाच्या शंभर गुणांत फरक पडला फक्त २.४ गुणांचा. वार्षिक परीक्षेत गुण २४ ते ७४ पर्यंत पसरलेले होते, भारांशात १५ ते ४६.२५, फरक सव्वाएकतीस गुणांचा. कागदावर वजन २० आणि ५० असं होतं, पण मुलांच्या क्रमात उलथापालथ करण्याची ताकद यापेक्षा कितीतरी असमान होती. ज्या कामात सगळ्यांना जवळपास सारखे गुण मिळतात, त्याचं वजन कितीही ठेवा, ते सगळ्यांना मिळून वर उचलतं, कोणाला पुढे-मागे करत नाही.

याचा दोष मी प्रकल्पाला देणार नाही, आणि मुलीलाही नाही. प्रकल्प तपासताना शिक्षकाच्या हातात नेमके निकष नसले की हात आपोआप ४२ ते ४८ च्या पट्ट्यात राहतो. मेहनत दिसते, ४० च्या खाली जाववत नाही, आणि ५० देताना जरा अडखळायला होतं. निकष फोडून लिहिले, म्हणजे माहिती कुठून गोळा केली याला १०, मांडणीला १०, स्वतः काढलेल्या निष्कर्षाला १५, तोंडी प्रश्नांच्या उत्तरांना १५, की गुण आपसूक पसरतात. तोंडी प्रश्नांत तर फरक लगेच कळतो. काम घरी कोणी करून दिलं असेल, तर "हा आलेख असा खाली का आला?" एवढ्या एका प्रश्नाला मूल गप्प होतं. पण हे झालं तपासणीबद्दल. पत्रात पालकांना एवढं प्रामाणिकपणे सांगायला हवं की प्रकल्पाचे गुण बहुतेकांना चांगले मिळतात आणि श्रेणीतला फरक मुख्यतः लेखी परीक्षांतून पडतो. त्यामुळे "प्रकल्प छान झालाय, आता काळजी नाही" हा समज आधीच दूर होतो.

गैरहजेरीबद्दल पत्र गप्प होतं

आणखी एका वर्गातला एक मुलगा दुसऱ्या सत्रात आजारी होता, परीक्षा देऊ शकला नाही. पहिल्या सत्रात त्याला ४०, प्रकल्पात ४०, वार्षिक परीक्षेत ५६. भारांशात १२, १६ आणि ३५, बेरीज ६३. गैरहजेरीला शून्य धरलं तर त्याची वर्षाची टक्केवारी ६३, क. पण त्याने दिलेल्या परीक्षांचं एकूण वजन ८५ आहे. ८५ पैकी ६३ म्हणजे ७४.१, ब. वाया गेलेले १५ टक्के वार्षिक परीक्षेला जोडले तर ७३.५, पूर्णांकात ७४, तोही ब. म्हणजे नियम कोणता यावर मुलाची अख्खी श्रेणी अवलंबून होती, आणि पत्रात त्याबद्दल एक शब्द नव्हता. अशा वेळी ज्या पालकाला शिक्षकांशी बोलायला जमतं त्याच्या मुलाला सवलत मिळते आणि जो संकोचतो त्याच्या मुलाला शून्य पडतं. हे मला कोणत्याही आकडेमोडीपेक्षा जास्त खटकतं.

आम्ही दुसरा नियम घेतला. कारण असलेल्या गैरहजेरीत उरलेल्या वजनावर शेकडा काढायचा. यालाही मर्यादा आहे. दोन्ही सत्रं बुडाली तर उरलेलं वजन ७० राहतं आणि त्यात वार्षिक परीक्षेचा वाटा ७१ टक्क्यांवर जातो. एका दिवसाच्या पेपरवर इतकं टांगून ठेवणं बरोबर नाही, म्हणून दुसऱ्या गैरहजेरीला फेरपरीक्षा ठेवली.

नवं पत्र

वर्गशिक्षिकांनी पुढच्या वर्षासाठी पत्र नव्याने लिहिलं. मी आकडे तपासून दिले, भाषा त्यांचीच आहे.

"प्रिय पालक, सप्रेम नमस्कार.

आपल्या पाल्याची वार्षिक श्रेणी चार गोष्टींवरून ठरते. एकूण १०० पैकी पहिल्या सत्राला १५, दुसऱ्या सत्राला १५, प्रकल्पाला २० आणि वार्षिक परीक्षेला ५० गुण आहेत. पेपर मात्र वेगळ्या गुणांचे असतात. दोन्ही सत्रांचे पेपर आणि प्रकल्प प्रत्येकी ५० गुणांचे, वार्षिक परीक्षा ८० गुणांची. म्हणून मिळालेले गुण सरळ मिळवू नका. सत्र परीक्षेतील प्रत्येक गुणाला ०.३ ने, प्रकल्पाच्या प्रत्येक गुणाला ०.४ ने आणि वार्षिक परीक्षेच्या प्रत्येक गुणाला ०.६२५ ने गुणा, आणि मग बेरीज करा.

एक उदाहरण पाहा. पहिल्या सत्रात ४५, दुसऱ्या सत्रात ४०, प्रकल्पात ४५ आणि वार्षिक परीक्षेत ४० गुण मिळाले. १३.५ अधिक १२ अधिक १८ अधिक २५, म्हणजे ६८.५. शेवटी पूर्णांकात ६९, श्रेणी क. हेच गुण नुसते मिळवले तर २३० पैकी १७०, म्हणजे जवळपास ७४ टक्के येतात आणि ब श्रेणी आहे असं वाटतं. ते धरू नये. तुमचं उत्तर ६८.५ आलं तर तुमची रीत बरोबर आहे.

अर्धा किंवा त्याहून जास्त अपूर्णांक असल्यास पुढचा पूर्णांक धरला जाईल, आणि तो फक्त शेवटच्या बेरजेत. मधल्या आकड्यांना पूर्णांकात आणणार नाही.

प्रकल्पात बहुतेक मुलांना चांगले गुण मिळतात. त्यामुळे श्रेणीतला फरक मुख्यतः लेखी परीक्षांतून पडतो. प्रकल्पाचे निकष सोबत जोडले आहेत. उशिरा दिलेल्या प्रकल्पाचे दर दिवशी २ गुण कमी होतील, पाच दिवसांनंतर तो स्वीकारला जाणार नाही आणि शून्य गुण धरले जातील.

आजारपणामुळे किंवा घरातल्या अडचणीमुळे सत्र परीक्षा बुडाल्यास आठवड्याभरात अर्ज द्या. अशा वेळी उरलेल्या ८५ गुणांवर शेकडा काढला जाईल. दुसऱ्यांदा असं झाल्यास फेरपरीक्षा घेऊ. अर्ज न आल्यास शून्य गुण धरावे लागतील.

उत्तीर्ण होण्यासाठी एकूण ४० सोबत वार्षिक परीक्षेत ८० पैकी किमान २८ गुण आवश्यक आहेत. एकूण बेरीज ४० च्या वर असली तरी ही अट लागू राहील.

वार्षिक परीक्षेच्या तीन आठवडे आधी आपल्या हाती एक चिठ्ठी येईल. त्यात आतापर्यंतचे भारांश गुण आणि प्रत्येक श्रेणीसाठी वार्षिक परीक्षेत किती गुण लागतील ते लिहिलेलं असेल. आकड्यांबद्दल शंका असल्यास चिठ्ठी मिळाल्यापासून आठवड्याभरात भेटा.

आपली, वर्गशिक्षिका"

या पत्रातली किमान २८ गुणांची अट जुन्या पत्रातही होती, पण श्रेणींच्या तक्त्याखाली बारीक अक्षरांत. ती वर आणणं गरजेचं होतं, कारण ती बेरजेला छेद देते. त्या मुलीचेच सत्रांचे आणि प्रकल्पाचे गुण धरा आणि वार्षिक परीक्षेत २५ ठेवा. बेरीज ५७.७ येते, पूर्णांकात ५८, आकड्यांनी क श्रेणी. नियमाने मात्र अनुत्तीर्ण. हे निकालाच्या दिवशी कळणं फार वाईट.

तीन आठवडे आधीची चिठ्ठी हा त्या मुलीच्या प्रकरणातून निघालेला बदल. तिच्या बाबतीत त्या चिठ्ठीवर असतं: आतापर्यंत ५० पैकी ४२.१, ब साठी ८० पैकी ४४, अ साठी ६८. सूत्र सोपं आहे. श्रेणीच्या सीमेतून अर्धा वजा करा, हातातले गुण वजा करा, उरलेल्याला ०.६२५ ने भागा आणि वरचा पूर्णांक घ्या. उत्तर ८० च्या वर गेलं तर ती श्रेणी आता शक्य नाही, आणि तेही चिठ्ठीत स्पष्ट लिहायचं. उत्तर २८ च्या खाली आलं तर २८ लिहायचं, कारण किमान अट आहेच. ही दुसरी दुरुस्ती विसरली तर चिठ्ठीच मुलांना चुकीचं लक्ष्य देईल. पहिल्या वेळी चिठ्ठ्या तयार करताना ज्या मुलांना क श्रेणीसाठी २० किंवा २२ गुण पुरतील असं सूत्र सांगत होतं, त्यांच्या चिठ्ठ्या आम्ही एकेक करून पाहिल्या.

एक गोष्ट पत्राने सुटत नाही. त्या वडिलांनी जाताना विचारलं होतं की एका गुणाने श्रेणी जाते, तर काही करता येईल का. श्रेणीच्या सीमेवर कोणी ना कोणी उभं असणारच, सीमा ७० वरून ६९ वर नेली तर ६८ वाला तिथे येतो. उत्तरपत्रिकेची फेरतपासणी हा एक मार्ग होता, तो त्यांना सांगितला आणि त्यांनी अर्जही दिला. वार्षिक पेपरातल्या उत्तरांच्या गुणांची बेरीज पुन्हा केली, न तपासलेलं उत्तर राहिलंय का ते पाहिलं. काही राहिलेलं नव्हतं. ४३ कायम राहिले. पुढच्या वर्षी मात्र प्रगतिपुस्तकात श्रेणीशेजारी दशांशासह एकूण गुणही छापायला सुरुवात केली, म्हणजे ६८.९८ आणि ५५.१० ही दोन्ही मुलं केवळ क म्हणून एकसारखी दिसत नाहीत.